मदत हवी आहे: फ्रेंच मेलमधले फेर, आव्वार, मेत्र कसे कमी करू?

दगडूशेठ_गल्ली: अर्जंट आहे. माझा मेल फ्रेंच साहेबांनी परत पाठवलाय. समासात एवढाच शेरा: सगळीकडे फेर, आव्वार आणि मेत्र, नेमकी क्रियापदं वापर. म्हणजे आपलं करणे, असणे आणि ठेवणे-घालणे. शोधून मोजलं तर फेर २, आव्वार ४, मेत्र १. यांच्या बदली शब्दांची यादी आहे का कुणाकडे? संध्याकाळपर्यंत पाठवायचंय.

मोगरा७: मेल कुणाला, कशाबद्दल? मजकुराशिवाय काय सांगणार?

एक_नंबर: यादीबिदी नको. फेरच्या जागी डोळे मिटून एफेक्त्युए टाक, म्हणजे 'पार पाडणे'. मी चार वर्षं तेच करतोय, आजवर कुणी हटकलं नाही.

मोगरा७: मग चुकीला काय लिहिता, एफेक्त्युए यून एरर? पैसे भरण्याला एफेक्त्युए चालतं. चुकीला कॉमेत्र लागतं. सगळीकडे एफेक्त्युए टाकलंत की तेच नवं फेर होतं, फक्त टाय लावलेलं.

पाँडीची_पोर: माझी बी-टूची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तोंडी परीक्षेतही फेर म्हटलं तर मार्क कापतात का?

दगडूशेठ_गल्ली: घ्या मजकूर. लियाँच्या ग्राहकाला आहे, मशीनचा सुटा भाग उशिरा जातोय.
नू झाव्हाँ फे यून व्हेरिफिकास्याँ द्यू स्तॉक.
नू झाव्हाँ अँ रतार द त्रवा जूर.
नू झाव्हाँ फे राँप्लासे ला प्येस.
जे मी ला फाक्त्यूर आँ प्येस ज्वँत.

मोगरा७: आधी तुमची मोजणी. चारपैकी तीन आव्वार निव्वळ भूतकाळाचे टेकू आहेत, त्यांना हात लावायचा नाही. खरं आव्वार एकच, दुसऱ्या वाक्यातलं.

पहिल्या वाक्यात फेरला पर्याय शोधूच नका. 'तपासणी केली' असं आहे, 'तपासला' करा: नू झाव्हाँ व्हेरिफिए ल स्तॉक. क्रियापद त्या नामातच लपलेलं होतं. माझ्या हाताखालच्या मुलांच्या मसुद्यांत निम्मे फेर असेच जातात. चौथ्यातही तसंच, बिल जोडपत्र म्हणून 'ठेवलं' कशाला, 'जोडतोय' म्हणा: ज ज्वँ ला फाक्त्यूर. संपलं.

गंमत म्हणजे मेत्र आपल्याला जड जायला नको. आपण शर्ट घालतो, चष्मा लावतो, फाईल ठेवतो. मराठीत आधी वाक्य म्हणून बघा, कुठलं 'मेत्र' आहे ते कळतं.

एक_नंबर: तिसऱ्यातलंही फेर उडवा मग. नू झाव्हाँ राँप्लासे ला प्येस. सुटसुटीत.

मोगरा७: नाही हो, तिथे अर्थ बदलतो. फे राँप्लासे म्हणजे दुसऱ्याकडून बदलून घेतला. तुमच्या वाक्यात तो आम्हीच बदलला. उद्या भाग पुन्हा बिघडला तर काम कुणी केलं होतं, यावरून भांडण होईल. दगडूशेठ, भाग कुणी बदलला?

दगडूशेठ_गल्ली: बाहेरच्या वर्कशॉपने. हे लिहायला हवं होतं का?

मोगरा७: तर! मग ते फेर तसंच राहू द्या. दुसऱ्या वाक्यात ला लिव्हरेझाँ आक्यूझ अँ रतार द त्रवा जूर लिहा.

एक_नंबर: आक्यूझे म्हणजे आरोप करणे. ग्राहकाला वाटेल आपण कुणावर तरी ढकलतोय.

मोगरा७: 'पोच देणे'ला आक्यूझे रेसेप्स्याँ म्हणतात, तिथे कुणावर आरोप असतो? उशिराच्या बाबतीत 'दिसून येतो' एवढाच अर्थ.

माँट्रियलचा_मावसभाऊ: बरोबर आहे, पण थोडं सरकारी वाटतं. शिवाय कर्ता बदलला. आधी 'आम्हाला उशीर झाला' होतं, आता उशीर पाठवणीला झाला, आपण गायब. रोजच्या ग्राहकाला मी नू झाव्हाँ त्रवा जूर द रतार असंच लिहीन. साधं आव्वार, पण जबाबदारी आपली.

मोगरा७: मग साहेबांचा शेरा पुन्हा येईल.

माँट्रियलचा_मावसभाऊ: येऊ दे. एका मेलमध्ये एक आव्वार असलं म्हणून कुणी मरत नाही.

पाँडीची_पोर: मोजण्यावरून आठवलं, विंडोजवर टोपीवाला ई कसा काढायचा?

एक_नंबर: टोपी नव्हे, तिरपी रेघ. Alt दाबून उजवीकडच्या आकड्यांवर 0233.

पाँडीची_पोर: मला टोपीवालाच हवाय.

एक_नंबर: मग 0234.

दगडूशेठ_गल्ली: पाठवला. पहिलं आणि चौथं बदललं, तिसरं तसंच ठेवून पुढे वर्कशॉपचा उल्लेख घातला. दुसऱ्यात आक्यूझ टाकलं. साहेबांनी तेवढ्यावरच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. मावसभाऊ, आहात का ऑनलाईन?