स्टेटस पेज हिरवे आणि मोबाइल डेटावर ॲप वेगात: सेवा निर्दोष मानावी का?

हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी:
आमच्या टॉवेल कारखान्यातले बिलिंगचे क्लाउड ॲप दुपारनंतर इतके मंदावते की एक बिल सेव्ह व्हायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. सेवा नीट चालू आहे की नाही ते दाखवणारे ॲपच्या कंपनीचे स्टेटस पेज हिरवे असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच काम दोन-तीन सेकंदांत होते. मालक ब्रॉडबँड बदलायला निघाले आहेत. एवढा पुरावा पुरेसा आहे का?

केबलवाले, होटगी रोड:
पुरेसा आहे. दोन्ही साक्षी एकच सांगत आहेत, तेव्हा दोष ब्रॉडबँडचाच आहे आणि मालकांचे म्हणणे रास्त आहे.

सर्व्हर सांभाळणारी, जुळे सोलापूर:
यातले अर्धेच मला मान्य आहे. स्टेटस पेजला मी साक्ष मानत नाही. त्यावरचा रंग बहुतेक ठिकाणी माणसे ठरवतात आणि तो उशिरा बदलतो. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणूक सेवा अमेरिकेतल्या एका विभागात कोलमडली, तेव्हा स्टेटस पेज अद्ययावत करण्याची यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून असल्यामुळे सुमारे दोन तास त्यावर खरी स्थिती दाखवता आली नव्हती. पान लाल असेल तर विश्वास ठेवावा; हिरवे असेल तर त्यावरून काहीही ठरवू नये.

हॉटस्पॉटची चाचणी मात्र मोलाची आहे, पण लॅपटॉप, लॉगिन आणि बिल तेच असेल, व्हीपीएन बंद असेल आणि फोनचे वायफाय बंद असेल तरच, कारण काही फोन ऑफिसच्या वायफायचेच नेट पुढे वाटतात. ब्राउझरमध्ये एफ-12 दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये बिल सेव्ह करण्याच्या विनंतीपुढचा 'Waiting for server response' हा आकडा दोन्ही जोडण्यांवर पाहावा. ऑफिसात तो वीस सेकंद दिसला म्हणजे सर्व्हर वीस सेकंद विचार करत होता असे नव्हे, कारण तुंबलेल्या अपलोडमध्ये अडकलेला वेळही त्यातच मोजला जातो. हॉटस्पॉटवर तोच आकडा दोन सेकंद असेल, तर उरलेले अठरा सेकंद बहुधा वाटेतच गेले.

मात्र ती वाट म्हणजे निव्वळ ब्रॉडबँड नव्हे. हॉटस्पॉट लावताच तुमचे वायफाय, राउटर, ॲपचा पत्ता शोधून देणारे डीएनएस आणि ब्रॉडबँड हे सगळे एकदम वगळले जाते. म्हणून लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड चालू ठेवून बिल सेव्ह करा:

```
ping -t 1.1.1.1
```

केबलवर तिच्यात दिसणारा उत्तराचा वेळ स्थिर राहिला आणि वायफायवर उसळला, तर दोष वायफायचा आहे. केबलवरही काही शे मिलिसेकंद होत असेल, तर दुपारनंतर ऑफिसातून कोण अपलोड करते ते शोधा. आमच्याकडे अशा तक्रारींत बहुतेक वेळा सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग किंवा बॅकअप सापडतो.

दवाखान्याची व्यवस्थापक, सात रस्ता:
आमचे रुग्णनोंदींचे ॲप ब्रॉडबँड आणि हॉटस्पॉट दोन्हींवर मंदच असते आणि पान हिरवेच असते, म्हणून या चाचणीचा उपयोग नाही असे माझे मत झाले आहे.

सर्व्हर सांभाळणारी, जुळे सोलापूर:
ताई, तुमच्या बाबतीत चाचणीने तर मोठेच काम केले आहे: संशय ऑफिसच्या नेटवरून उठला आहे. आता नुसता रुग्णाचा फोन नंबर बदलून सेव्ह करा आणि नंतर वर्षभराचा अहवाल उघडा. पहिले झटपट आणि दुसरे संथ असेल, तर तुमच्या खात्यातला साठलेला डेटा सर्व्हरवर हळू शोधला जात असण्याची शक्यता मोठी आहे. एकाच ग्राहकाची अशी अडचण स्टेटस पेजवर सहसा दिसत नाही. दोन्ही संथ असतील, तर आधी दुसऱ्या लॅपटॉपवर करून पाहा.

आयटी सल्लागार, विजापूर रोड:
हॉटस्पॉटवर वेग मिळाला म्हणून सेवेला सोडून द्यावे, हे मला पटत नाही. ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपनी वेगळी असेल तर दोघांचा सेवेपर्यंतचा मार्गही वेगळा असतो, आणि एकाच कंपनीच्या ग्राहकांना दूरच्या सर्व्हरकडे पाठवले जात असेल तर ते निस्तरण्याची जबाबदारी सेवेवरही येते. याउलट सिम आणि ब्रॉडबँड एकाच कंपनीचे असेल तर दोन्हींवरची मंदी सेवेचीच आहे असेही म्हणता येत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

केबलवाले, होटगी रोड:
ग्राहकाने इतके खोलात का शिरावे? लाइन बदलली की कळेलच.

सर्व्हर सांभाळणारी, जुळे सोलापूर:
कॅमेऱ्यांनी अपलोड व्यापला असेल, तर नवी लाइनही तितकीच तुंबेल. सल्लागारांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी:
केबलवरही पिंग चारशेच्या वर जात होता. कॅमेऱ्यांचे क्लाउड रेकॉर्डिंग थांबवताच तो वीसच्या आसपास आला आणि बिले तीन सेकंदांत सेव्ह होऊ लागली. महिनाअखेरीचा जीएसटी अहवाल मात्र हॉटस्पॉटवरही मिनिटभर घेतो, आणि त्यासाठी मी वेळांच्या नोंदींसह सेवेकडे तक्रार केली आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.