एच-४वर नोकरी: आधी आय-१४० बघा

> नवरा एच-१बीवर अमेरिकेत आहे, मी पुढच्या महिन्यात एच-४वर जातेय. पोचल्यावर लगेच नोकरी धरता येईल का?

लगेच नाही. आधी नवऱ्याला विचारा, त्याचा आय-१४० मंजूर झालाय का? त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला हा अर्ज नुसता भरलेला असून भागत नाही. (त्याला सहा वर्षांपलीकडची एच-१बी मुदतवाढ ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे मिळाली असेल, तरी चालतं.) ग्रीन कार्डाचा नंबर लागेपर्यंत मात्र थांबावं लागत नाही. आपल्याकडच्यांना ही सोय २०१५ पासून आहे.

मग तुम्ही स्वतः कामाच्या परवानगीचा अर्ज `I-765` भरायचा, वर्ग `(c)(26)`. आमच्याकडे गडबड आय-१४०वरच झाली. एचआरने "झालंय" म्हटलं ते "भरलंय" या अर्थी, आणि मी बायोडेटा धाडत सुटले! मंजुरी मार्चमध्ये आली, एप्रिलमध्ये मी अर्ज केला, कामाच्या परवानगीचं कार्ड सप्टेंबरात हातात पडलं. नोकरीची ऑफर जुलैतच आली होती, पण रुजू झाले ती कार्ड आल्यावरच. अर्जाची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

कार्ड आलं की कुठल्याही कंपनीत काम करा, स्वतःचा धंदाही चालतो. त्यावरची शेवटची तारीख मात्र फ्रिजवर लावून ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज १८० दिवस आधी करता येतो, तेव्हाच करा.

आणि नवरा कंपनीच्या बदलीवर, एल-१ व्हिसावर असता तर हे काहीच नको होतं. तुमच्या आय-९४वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, `L-2S` दिसलं की काम सुरू.