स्टॉप कॉस्टला आणल्यावर तोट्याचे ट्रेड घटले, पण नफाही घटला: नियम ठेवावा का?

पहाटवारा:
माझा सेटअप साधा आहे. जोखीम १ आर, म्हणजे मूळ स्टॉपला गेलो तर जाणारी रक्कम, आणि टार्गेट २ आर. ट्रेड १ आर नफ्यात गेला की स्टॉपलॉस एन्ट्रीच्या भावावर, म्हणजे कॉस्टला, आणतो. हे सुरू केल्यापासून तोट्याचे ट्रेड नक्की कमी झालेत, पण खातं पूर्वीइतकं वाढत नाही. नियम ठेवू की काढू? आकड्यांनी कुणी समजावेल का?

निर्धास्त:
ठेवाच. स्टॉप कॉस्टला आला की तो ट्रेड फुकटचा. जोखीम संपली, पुढे जे मिळेल ते आपलं. नफ्यात गेलेला ट्रेड तोट्यात बंद होताना बघण्यासारखं वाईट काही नाही. विन रेट सुधारतो, मन शांत राहतं, आणि शांत मनाने पुढचा ट्रेड नीट घेता येतो.

हिशेबनीस:
फुकटचं त्यात काही नाही. भाव १ आर वर असताना तो नफा तुमचाच असतो, आणि तो परत गेला तर तुमचाच जातो. पण मुद्दा वेगळा आहे, तो शंभर ट्रेडवर बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

मूळ स्टॉप न हलवता ४० ट्रेड टार्गेटला गेले, ६० स्टॉपला. कमाई ८० आर, तोटा ६० आर, म्हणजे दर ट्रेडमागे ०.२० आर. आता या शंभरातले ५८ ट्रेड कधी ना कधी १ आर नफ्यात गेले होते. त्यातले ४० टार्गेटला पोचले आणि १८ उलटे फिरून पूर्ण तोट्यात गेले. उरलेले ४२ थेट स्टॉपला गेले, त्यांना या नियमाचा स्पर्शच होत नाही.

स्टॉप कॉस्टला आणला की ते १८ ट्रेड शून्यावर सुटतात. १८ आर वाचले, हे डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते असं: त्या ४० विजेत्यांपैकी काही १ आर वर जाऊन, परत एन्ट्रीला शिवून, मग टार्गेटला गेले होते. असे १२ धरा. तुमचा नियम त्यांनाही शून्यावर बाहेर काढतो. प्रत्येकी २ आर, म्हणजे २४ आर गेले. राहिलं काय? २८ विजय, ३० शून्य, ४२ तोटे. ५६ वजा ४२, म्हणजे १४ आर. ०.२० चे ०.१४ झाले. तोटे ६० वरून ४२ वर आले, तरीही.

त्यामुळे बघायचा आकडा एकच: १ आर करून एन्ट्रीला परत आलेल्या ट्रेडपैकी कितींनी पुढे मूळ स्टॉपच्या आधी टार्गेट गाठलं? २ आर टार्गेटला सीमारेषा एक तृतीयांश आहे. त्याहून जास्त गाठत असतील तर नियम नुकसान करतो, कमी असतील तर फायदा. वरच्या उदाहरणात तीसपैकी १२, म्हणजे ४० टक्के. हा नव्या ट्रेडचाच विजयाचा दर आहे. एन्ट्रीला परत आलेला ट्रेड नव्या ट्रेडइतकाच चांगला असेल, तर तुम्ही चांगला ट्रेड निष्कारण फेकताय.

निर्धास्त:
आणि विन रेटचं काय? तोट्यांची माळ लागली की माणूस कोसळतो. ६० टक्के तोटे आणि ४२ टक्के तोटे, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

हिशेबनीस:
विन रेट तुम्ही मोजता कसा यावर ते आहे. शंभरात २८ विजय म्हणाल तर ४० वरून घसरलाय. शून्यावाले वगळून मोजाल तर सत्तरात २८, पुन्हा ४०, काहीच बदललं नाही. शून्याला ‘हरलो नाही’ म्हणून विजयात धराल तर ५८. एकच वही, तीन विन रेट. बहुतेक जण नकळत तिसरा धरतात, म्हणून नियम छान वाटतो.

माळेचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. सलग पाच तोटे येण्याची शक्यता सुमारे ७.८ टक्क्यांवरून १.३ वर येते. पण सलग पाच ट्रेडमध्ये एकही विजय नसण्याची शक्यता ७.८ वरून १९ टक्क्यांवर जाते. पाच वेळा कष्ट करून हाती काही न लागणं हेसुद्धा माणसाला कोसळवतं. मात्र एक मान्य करतो: खात्यातले चढउतार या नियमाने सौम्य होतात. ज्याला तेच हवं आहे त्याने किंमत माहीत असताना ती मोजावी.

लांबपल्ला:
मला हा वाद कळत नाही. मी टार्गेटच ठेवत नाही. भाव वर गेला की त्याच्या मागे स्टॉप सरकवतो, आठवडेच्या आठवडे बसतो. पहिल्या पायरीला कॉस्टलाच आणतो आणि माझं बरं चाललंय.

हिशेबनीस:
दादा, तुमचा प्रश्न वेगळा. तुमच्याकडे वर्षाचा नफा थोड्या मोठ्या ट्रेडवर उभा असतो. त्यातला ८ आर चा एक ट्रेड कॉस्टला सुटला, तर ती भरपाई व्हायला वाचलेले आठ तोटे लागतात. तुमची सीमारेषा एक तृतीयांश नाही, नवव्या भागाच्या आसपास आहे. ‘बरं चाललंय’ म्हणजे नियमामुळे की नियम असूनही, हे सुटलेले ट्रेड पुढे कुठे गेले ते लिहिल्याशिवाय कळणार नाही.

चाचणीघर:
हिशेबनीसांचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून नियम काढू नका. तीसपैकी १२ हा आकडा खऱ्या वहीत दिसला असता तरी ४० टक्के आणि ३३ टक्के यातला फरक योगायोगात बुडून जातो. ३० ट्रेडवर तो दोन्ही बाजूंना सहज १७ टक्के हलतो. कॉस्टला सुटलेले तीनशेच्या आसपास जमले, तर ४० आणि ३३ वेगळे म्हणता येतील.

दुसरं, बॅकटेस्टवर आंधळा विश्वास नको. १५ मिनिटांची एकच कॅन्डल वर १ आर ला शिवते आणि खाली एन्ट्रीला. आधी काय झालं? कॅन्डल सांगत नाही. बॅकटेस्ट स्वतःचा एक क्रम गृहीत धरतो आणि निकाल त्यावर पालटतो. अशा कॅन्डल वेगळ्या काढा, तेवढ्या ट्रेडसाठी एक मिनिटाचा डेटा उघडा. तरीही उलगडत नसेल तर दोन्ही क्रमांनी हिशेब करा. दोन्ही निकालांत चिन्हच बदलत असेल, तर त्या चाचणीतून काही सिद्ध झालेलं नाही.

आणि सेटअपमध्ये मुळात दम नसेल तर? भाव नुसता इकडेतिकडे भटकत असेल, तर विजय ३३ वरून २५ टक्के, तोटे ६७ वरून ५०, आणि एक्स्पेक्टन्सी, म्हणजे दर ट्रेडमागची सरासरी कमाई, आधीही शून्य, नंतरही शून्य. ब्रोकरेज आणि स्लिपेज धरले की दोन्हीकडे उणे. तेव्हा तोटे घटले यावरून नियम चांगला आहे की सेटअप, दोन्ही कळत नाही.

पहाटवारा:
म्हणजे कॉस्टला सुटलेला प्रत्येक ट्रेड मी शेवटपर्यंत कागदावर चालू ठेवायचा, मूळ स्टॉप आणि मूळ टार्गेट धरून?

हिशेबनीस:
हो. प्रत्येकासमोर एवढंच लिहा: पुढे टार्गेट की स्टॉप, आणि एन्ट्रीला परत यायला किती वेळ लागला.

निर्धास्त:
वेळ लिहिलात तर माझी बाजू दिसेल. ब्रेकआउट खरा असेल तर भाव मागे वळत नाही. १ आर करून परत एन्ट्रीला आला म्हणजे ब्रेकआउट फसला. तो ४० टक्क्यांचा ट्रेड उरलेलाच नसतो.

हिशेबनीस:
ब्रेकआउटला हे खरं असू शकतं, आणि तसं असेल तर तिथे तुमचा नियम जिंकेल. पण पुलबॅकवर खरेदी करणाऱ्याचा ट्रेड एन्ट्रीला दोनदा शिवूनही शाबूत असतो. पहाटवारा, तुमचा सेटअप यातला कोणता?

पहाटवारा:
दोन्ही घेतो. आतापर्यंत एकाच वहीत, एकत्र लिहिलेत.

चाचणीघर:
मग आधी ते वेगळे करा. आणि वेगळे केल्यावर प्रत्येकात किती उरतात तेही बघा, कारण तीनशेचा आकडा आता दोनदा गाठायचाय.