तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांची चिठ्ठी: ऋण संख्या

मेधा:
नमस्कार मंडळी,
शनिवारच्या वर्गात ऋण संख्यांच्या क्रिया संपवत आणल्या आहेत. तास सुटण्याआधी पाच मिनिटांत मुलांकडून सोडवून घ्यायची एक छोटी चिठ्ठी करायची आहे, म्हणजे कोणाला कळलंय आणि कोणाला नाही हे त्याच दिवशी समजेल. मागच्या वेळी दहा उदाहरणं दिली होती. बाराही मुलांची आठ-नऊ बरोबर आली, मी खूश झाले, आणि पुढच्या शनिवारी तीच मुलं −३ − ५ पाशी अडून बसली. त्या दहांतली दोन उदाहरणं खाली देते. कोणी बघून सांगाल का काय चुकलं?
(−५) × (−३)
(−२) − (−६)

श्रीकांत:
मेधाताई, माझ्या मते सराव कमी पडतोय. दहाऐवजी वीस द्या, चार-चार पर्याय द्या, तपासायला दोन मिनिटं लागतील. आणि ‘ऋण ऋण धन’ हा नियम पक्का करून घ्या. आम्ही तसंच शिकलो आणि कुठे अडलं नाही.

वासंती:
मेधा, तुझी दोन्ही उदाहरणं चुकीच्या रस्त्यानेही बरोबर सुटतात, दुखणं तिथेच आहे.

(−२) − (−६) घे. ज्याला काहीच कळलेलं नाही तो चिन्हं सोडून देतो, सहातून दोन काढतो आणि ४ लिहितो. उत्तर बरोबर! (−५) × (−३) मध्ये ‘ऋण ऋण धन’ एवढं पाठ असलं की पुरतं. अशी वीस दिलीस तर वीस वेळा फसशील.

म्हणून मी उदाहरण निवडताना आधी चुकीची उत्तरं काढते. −७ − (−३) बघ. बरोबर उत्तर −४. चिन्हं सोडणारा ४ लिहील. दुसरं उणे न बघता नुसती वजाबाकी करणारा −१० लिहील. सगळीकडे ‘दोन उणे म्हणजे अधिक’ लावणारा ७ आणि ३ ची बेरीज करून १० लिहील. चार विचार, चार वेगळी उत्तरं. चिठ्ठी हातात आली की मुलाला न विचारता तो कुठून गेला ते दिसतं. −३ − ५ चंही तसंच. बरोबर −८, नियम अंधपणे लावला तर ८, पहिलं उणे विसरलं तर −२.

श्रीकांत, पर्याय देऊ नयेत असं मला वाटतं. पर्यायांत −४ आणि ४ दोन्ही दिसले की मूल चिन्हाचा अंदाज बांधतं, आणि आपल्याला त्याचा विचार न कळता त्याचं नशीब कळतं. वेळ खरंच कमी असेल तर पर्याय चालतील, पण मग प्रत्येक चुकीचा पर्याय खऱ्या चुकीतून आलेला हवा.

तिसरा प्रश्न मी असा ठेवीन: (−४) × ६ आणि (−४) + ६ यांपैकी कोणाचं उत्तर धन? का, ते एका वाक्यात लिही. गुणाकाराचा चिन्हनियम बेरजेत घुसला आहे का, ते इथे उघडं पडतं. असं मूल ‘एकच उणे आहे म्हणून दोन्ही ऋण’ असं लिहून मोकळं होतं.

तीनच प्रश्न पुरे. चौथा घातलास तर त्या पाच मिनिटांत ‘का’ लिहायला कोणी थांबणार नाही.

अमोल:
आमच्या लेकीचंही हेच चाललंय. कॅल्क्युलेटरवर `-3^2` टाकलं तर −९ येतं आणि ती म्हणते ९ यायला हवं. हेही त्याच चिठ्ठीत घालता येईल का?

वासंती:
अमोल, तो प्रश्न चांगला आहे, पण वेगळा आहे. तिथे घोळ घातांक आधी की चिन्ह आधी हा असतो. त्या दिवशी घातांक शिकवला नसेल तर चिठ्ठीत घालू नये, नाहीतर चूक कशामुळे झाली तेच कळणार नाही. लेकीला `(-3)^2` टाकून बघायला सांग, ९ येईल.

मेधा:
काल केलं! तीनच प्रश्न, कोऱ्या अर्ध्या पानावर. बारा मुलं होती.

−३ − ५ ला सहा जणांनी −८ लिहिलं, पाच जणांनी ८ आणि एकीने −२. −७ − (−३) ला नऊ बरोबर, दोन −१० आणि एक ४. मला धक्का बसला तो यामुळे, की पहिल्याला ८ लिहिणाऱ्या पाचही जणांचं दुसरं बरोबर होतं! म्हणजे नियम त्यांना येतो, पण तो कुठे लावायचा ते येत नाही. दोन उण्यांच्या खुणा दिसल्या की झालं अधिक.

मग वासंतीताई नेहमी करतात तसं मी उदाहरण मोठ्याने वाचायला लावलं. मुलं दोन्हीला ‘मायनस’च म्हणतात. मी म्हटलं, संख्येला चिकटलेलं ते ‘उणे’ आणि दोन संख्यांच्या मधलं ते ‘वजा’. ‘उणे तीन वजा पाच’ असं मोठ्याने वाचल्यावर ८ लिहिणाऱ्यांतला एक मुलगा थांबला. संख्यारेषेवर −३ वर बोट ठेवून म्हणाला, “इथून पाच घरं डावीकडेच जायचंय ना? मग शून्य कसं ओलांडीन?” त्याने स्वतःच खोडून −८ केलं.

तिसऱ्यात बहुतेकांनी (−४) + ६ निवडलं, पण ‘का’ पुढे चौघांनी फक्त ‘कारण उत्तर २’ असं लिहिलं. याला कारण समजायचं का?

श्रीकांत:
माझा वीस उदाहरणांचा सल्ला मागे घेतो. पण एक शंका आहे. −७ − (−३) ला एखाद्याने ‘सातातून तीन गेले चार, पुढे उणे लावून टाकू’ असं केलं तर? तेही −४. म्हणजे हे उदाहरणही फसवतंच की.

वासंती:
खरं आहे, श्रीकांत. एकटं कुठलंच उदाहरण सगळ्या वाटा बंद करत नाही. −३ − (−८) दिलं तर उणे चिकटवणारा −५ लिहून पकडला जाईल, पण चिन्हं सोडणारा ५ लिहून सुटेल. म्हणून मी हल्ली या दोघांची जोडी देते आणि −३ − ५ गाळते. पण मेधाच्या वर्गात −३ − ५ नेच पाच जण पकडले गेले, त्यामुळे तिने तिथे ते ठेवावं असं वाटतं. चारही दिले तर ‘का’ चा प्रश्न जातो. यातलं काय सोडावं हे मलाही अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मेधा, ‘कारण उत्तर २’ याला मी कारण धरत नाही. तो हिशोब झाला. प्रश्नच बदलून बघ: ‘उत्तर न काढता सांग.’ मग मुलाला सहा चारपेक्षा मोठा आहे हे बघावंच लागतं.

मेधा:
‘उत्तर न काढता’ हे पुढच्या शनिवारी घालते. त्या पाच जणांना मात्र नवी चिठ्ठी न देता तेच −३ − ५ आकडे बदलून, −२ − ६ असं देणार आहे. पुन्हा ८ आलं तर संख्यारेषेवरून परत सुरुवात. −८ आलं, तरी एकाला ‘वजा’ आणि ‘उणे’ दाखवायला लावेन. कोणाकडे लाल-काळ्या सोंगट्यांनी हे शिकवण्याचा अनुभव आहे का? उणे तीन म्हणजे तीन लाल, त्यातून पाच काळ्या काढायच्या, पण काळ्या आहेतच कुठे, इथे माझीच गाडी अडते.