पहिल्या पोस्टरवर एकच सुधारणा सांगावी की सगळ्या?

कर्वेनगरचा बाबा:
मुलगी तिसरीत आहे. शाळेत पहिलंच पोस्टर केलं, पाव इम्पीरियल कागद आडवा धरून: ‘मुठा स्वच्छ ठेवा’. बाईंनी मागे चिठ्ठी चिकटवली आहे, ती जशीच्या तशी देतो.

“तुझा केशरी मासा मला मागच्या बाकावरून सगळ्यात आधी दिसला, कारण भोवतीचं पाणी तू निळं ठेवलंस आणि पिशव्या काळ्या. घोषणा तीनच शब्दांची घेतलीस, त्यामुळे एका नजरेत वाचून होते. ‘ठेवा’ हा शब्द कडेला दाटून बसला आहे. पुढच्या पोस्टरला रंग उघडण्याआधी तिन्ही शब्द रद्दी कागदाच्या पट्ट्यांवर लिही, पट्ट्या पोस्टरवर सरकवून जागा बघ आणि मग पेन्सिलीने खुणा कर.”

आता मी बघतो तर खाली पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांत ‘नदी आपली आहे’ लिहिलंय, ते हातभर अंतरावरूनही लागत नाही. निळा रंग दोन ठिकाणी ओघळलाय. माशाचं शेपूट काळ्या पिशवीत मिसळलंय. चार चुका समोर असताना एकच सांगायची, तीही गोड बोलून? मुलांना खरं सांगायची भीती वाटते का आताच्या शिक्षकांना?

खडू-फळा:
चिठ्ठी पुन्हा वाचा. तिच्यात गोड शब्द एकही नाही. ‘छान’, ‘सुंदर’, ‘शाब्बास’ कुठे आहे? बाईंनी दोन गोष्टी दाखवल्या आणि दोन्हींचं कारण दिलं. मासा आधी दिसला, कारण निळ्याच्या विरोधातला केशरी फक्त एकाच जागी आहे. हे मुलीने नकळत केलं असेल. चिठ्ठी वाचल्यावर ते तिला कळलं, आणि पुढच्या वेळी ती ते मुद्दाम करू शकते. नुसतं ‘रंगसंगती छान’ लिहिलं असतं तर पुढच्या पोस्टरवर सात रंगांचे सात मासे आले असते.

दुसरं, चिठ्ठीत ‘पण’ नाही. ‘छान आहे, पण...’ म्हटलं की मूल ‘पण’च्या पुढचंच ऐकतं.

आता चार चुकांचं बघू. ओघळ आला कारण ब्रशमध्ये पाणी जास्त होतं. पोस्टर कलर ताकासारखा केला की ओघळणारच, मऊ दह्यासारखा हवा. हे चिठ्ठीत लिहून येत नाही, शेजारी उभं राहून ब्रश डबीच्या कडेला निथळून दाखवावा लागतो. शेपूट मिसळणं ही आखणीची गोष्ट, आणि ती या वयात आपोआप सुटत जाते. दाटलेला शेवटचा शब्द मात्र सुटत नाही. पहिलं अक्षर ऐसपैस, दुसरं जरा कमी आणि शेवटचं कडेवर चिरडलेलं, हे आठवीच्या पोस्टरवरही दिसतं, कारण शेवट कुठे येणार हे ठरवल्याशिवाय सुरुवात झालेली असते. म्हणून बाईंनी तीच चूक निवडली. शिवाय तिच्यावरचा उपाय मुलगी एकटीने, रंगाला हात न लावता करू शकते.

सिंहगड रोड:
पट्ट्या कशाला? सरळ हिशोब आहे. कागद १५ इंच रुंद, दोन्ही कडांना एकेक इंच सोडला की १३ उरले. अक्षरं सहा: मु, ठा, स्व, च्छ, ठे, वा. १३ भागिले ६, प्रत्येकाला दोन इंचांहून थोडी जास्त जागा. खुणा करा, लिहा, संपलं. तिसरीत भागाकार येतो.

रंगकाम, कसबा पेठ:
कडा सोडून मोजलंत ते बरोबर केलंत, पुढचं चुकलं. असा बोर्ड रंगवलात तर गिऱ्हाईक परत पाठवेल. देवनागरीत सगळी अक्षरं एका रुंदीची नसतात. मु ला उकार खाली जातो, तो रुंदी खात नाही. ठा ला काना लागतो, म्हणजे दीडपट. स्व म्हणजे अर्धा स आणि पूर्ण व, तोही दीड. च्छ दीड. ठे ची मात्रा डोक्यावर, म्हणजे एकच. वा दीड. तुमच्या भागाकारात ठे मोकळ्या मैदानात उभा राहतो आणि च्छ दाटतो. वर दोन शब्दांमधली जागा तुम्ही धरलीच नाही, सहाही अक्षरं एका माळेत जातील.

आमचा हिशोब असा. मुठा अडीच, स्वच्छ तीन, ठेवा अडीच, मधल्या दोन फटी अर्धा-अर्धा. एकूण नऊ भाग. एक भाग सव्वा इंचाचा धरला की सव्वाअकरा इंच होतात. १५ मधून पावणेचार उरले, ते दोन्ही कडांना निम्मे-निम्मे. मुठा आणि ठेवा सव्वातीन इंचांच्या आत बसतात, स्वच्छ पावणेचार इंचांत.

उंचीचंही बघा. एक इंच उंच अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, हा आमचा अंदाज. वर्गाची मागची भिंत वीस फुटांवर असेल तर अक्षराचं अंग दोन इंच हवं. ठे ची मात्रा वर आणि मु चा उकार खाली, त्यांना पाऊण-पाऊण इंच वेगळं ठेवा. मुलं शिरोरेषा कागदाच्या वरच्या कडेजवळ मारतात आणि मग मात्रेला जागाच राहत नाही.

आणि एक सांगतो. शिरोरेषा आधी मारायला शिकवा. सगळ्या शब्दाची लांबी एकदम ठरते, दाटायचा प्रश्नच येत नाही.

अक्षरवेडी:
शिरोरेषा आधी? कृपा करून लहान मुलांना हे सांगू नका. ‘ध’ आणि ‘भ’ची शिरोरेषा तुटलेली असते. आधी सलग रेघ मारली की ध चा घ होतो आणि भ चा म. हीच मुलगी उद्या ‘धरण भरलं’ लिहायला बसली तर ‘घरण मरलं’ होईल! अक्षर आधी, रेघ शेवटी. शाळेत हाताला तीच सवय लागलेली असते, ती मोडायची कशाला?

रंगकाम, कसबा पेठ:
ताई, मी रंगाने मारा म्हटलंच नाही. आम्ही दोरीला खडू लावून रेघ झटकतो. अक्षरं झाली की फडक्याने पुसतो. ध आला की तेवढी जागा मोकळी सोडायची, इतकं कुणालाही समजतं. बोर्ड न रंगवता धडे देऊ नका.

अक्षरवेडी:
तुम्हाला समजतं, आठ वर्षांच्या मुलीला नाही. तिच्या हातात पट्टी आणि पेन्सिल आहे. ती रेघ दाबून ओढते, तिचा चर कागदात उरतो, आणि रंग देताना ब्रश त्याच चरातून चालतो. खोडूनही तो जात नाही. हे धडे नाहीत, कागदावर दिसणारी गोष्ट आहे.

खडू-फळा:
दोघांनीही आवाज चढवायची गरज नाही. आखणीची रेघ आणि रंगाची शिरोरेषा या दोन वेगळ्या रेघा आहेत. आखणीची आधी, पेन्सिल न दाबता, जेमतेम दिसेल इतकी. रंगाची सगळ्यात शेवटी, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून थांबत-थांबत. ‘मुठा स्वच्छ ठेवा’मध्ये ध नाही आणि भ ही नाही, त्यामुळे या पोस्टरवर तो घोळ झालाच नसता.

अक्षरवेडी:
या पोस्टरवर नाही, हे मान्य. ‘आधी मारायला शिकवा’ हे सरसकट वाक्य मात्र मला अजूनही घातक वाटतं.

शनिपारची आत्या:
आमचा भाचा पाचवीत आहे. असं पोस्टर एलिमेंटरीला चालेल का? मार्क कशावर देतात? अप्पा बळवंत चौकातून कुठले रंग घ्यावेत, डबीतले की ट्यूबमधले?

खडू-फळा:
आत्या, एलिमेंटरी वरच्या इयत्तांसाठी असते आणि इथे परीक्षेचा विषय नाही. चिठ्ठीत मार्क नाहीत, हीच तिची ताकद आहे. आकडा आला की वाक्य कुणी वाचत नाही. रंग डबीतलेच घ्या, पाच-सहा रंग पुरतात. पांढरी डबी मात्र मोठी घ्या, ती सगळ्यात आधी संपते.

कर्वेनगरचा बाबा:
पट्ट्यांचं पटलं. काना रुंदी खातो आणि मात्रा खात नाही, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. शब्दाचीच पट्टी कापली तर भागाकाराशिवाय ते आपोआप जमतं, हेही खरं. पण पिवळ्याचं काय? ‘ठेवा’ दाटलेला असला तरी वाचता येतो. पिवळी ओळ वाचताच येत नाही. एकच चूक सांगायची होती तर ती सांगायला हवी होती. फोनवर फोटो काढून काळा-पांढरा करून बघितला, ओळ पूर्ण गायब झाली.

सिंहगड रोड:
रुंदीत मी चुकलो, ठीक आहे. पण इथे बाबांचं बरोबर आहे. पोस्टर वाचण्यासाठी असतं.

खडू-फळा:
फोटोची परीक्षा चांगली केलीत. पिवळा आणि पांढरा उजेडाला जवळजवळ सारखेच, म्हणून बारीक अक्षर विरघळतं. त्याच फोटोत मासा बघा. निळा मध्यम असेल तर केशरीही त्याच्या जवळच्या राखाडीत जातो, तरी प्रत्यक्षात मासा ठळक दिसतो. मोठ्या आकाराला रंगाचा विरोध पुरतो, अक्षराच्या बारीक रेघेला मात्र गडद-फिक्याचा फरक लागतो. हे एका वाक्यात तिसरीच्या मुलीला सांगायला गेलं तर ती ‘पिवळा वाईट’ एवढंच धरून बसेल. गडद निळ्यावर हाच पिवळा कमालीचा उठतो. ही भीती मला ‘दाटला’ या शब्दाबद्दल नाही, पिवळ्याबद्दल आहे.

अक्षरवेडी:
मग एवढंच लिहायचं: ‘खालच्या पिवळ्या अक्षरांना गडद निळी कड दे.’ बारीक ब्रश, पाच मिनिटं, आणि याच पोस्टरवर होतं. पुढच्याची वाट बघायला नको. मुलीला आपलं काम डोळ्यांसमोर सुधारताना दिसलं असतं. ‘पुढच्या पोस्टरला’ म्हणजे केव्हा? शाळेत दुसरं पोस्टर कधी येतं?

खडू-फळा:
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. याच कागदावर करता येणारी सुधारणा आधी, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. कड देताना खालचा पिवळा पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर निळ्यात मिसळून हिरवा होतो. अक्षरं अर्ध्या इंचाहून लहान असतील तर कड देताना आतल्या पोकळ्या बुजतात, ठ चा नुसता ठिपका उरतो. बाबा, खालच्या ओळीची उंची किती आहे?

कर्वेनगरचा बाबा:
मोजली. पाव इंचाला थोडी जास्त.

रंगकाम, कसबा पेठ:
मग कड विसरा. त्या ओळीवर गडद निळ्याची सलग पट्टी द्या आणि सुकल्यावर पिवळ्याने पुन्हा लिहू द्या. पिवळ्यात चिमूटभर पांढरा घाला, नाहीतर खालचा निळा वर डोकावतो. अक्षरं यावेळी तीन शब्दांच्या पट्ट्या कापूनच बसवा.