फोन चोरीला गेल्यावर पहिल्या तासात तुम्ही काय केलंत?

सुमेधा_ठाणे: मंगळवारी संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चढताना पर्समधून फोन गेला. शेजारच्या बाईंच्या फोनवरून रिंग दिली. दोनदा वाजला, मग बंद. म्हटलं, घरी जाऊन आधी जीमेलचा पासवर्ड बदलू. तिथेच चुकले. लॅपटॉपवर गूगल म्हणतंय, फोनवर सूचना आलीय, तिला 'हो' म्हणा. फोन चोराकडे! तोवर 40 मिनिटं गेली होती आणि एका वॉलेटमधून 1,800 रुपयेही. तुम्ही आधी काय केलंत?

जुना_बँकवाला: आधी सिम. स्क्रीन लॉक फोनला असतो, सिमला नाही. चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला येतात. तुमचं वॉलेट बहुधा असंच उघडलं. त्या बाईंच्याच फोनवरून कंपनीला कॉल करून सिम बंद करायला हवं होतं. मग बँक: यूपीआय आणि कार्ड बंद. पैसे गेलेले दिसले की लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर कॉल. पासवर्ड त्यानंतर. आणि कव्हरमागे डेबिट कार्ड ठेवत असाल तर आजच काढा. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी मिळाले की नवा यूपीआय पिन तयार होतो.

गणेश७७: एवढं कशाला? सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करा, फोनचा दगड होतो. नंबर *#06# दाबून मिळतो.

जुना_बँकवाला: गेलेल्या फोनवर *#06# दाबणार कोण? नंबर खोक्यावर किंवा बिलावर शोधा. शिवाय तिथे पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीसाठी चालू नंबर. पहिल्या तासाचं काम नाही ते. दगड फोनचा होतो, सिमचा नाही.

रेवा: माझा रिक्षात राहिला होता. आईने रिंग दिली, रिक्षावाल्या काकांनी उचलला आणि परत आणून दिला. घाईने सिम बंद केलं असतं तर?

सुमेधा_ठाणे: माझा तर बंदच झाला होता गं. पण वाजत असता तर मीही थांबले असते बहुतेक.

निखिल_पिंपरी: मी मित्राच्या फोनवर android.com/find उघडून आधी फोन लॉक केला, स्क्रीनवर मित्राचा नंबर टाकला, मग सिम बंद. नेट चालू होतं म्हणून जमलं. सगळं पुसून टाकायची घाई मात्र करू नका, नंतर ठिकाण दिसत नाही. माझ्या जीमेलचे बॅकअप कोड पाकिटात लिहिलेले होते, म्हणून पासवर्ड तिथेच बदलता आला.

जुना_बँकवाला: क्रम बरोबर. पण नेट नसेल तर लॉकची वाट बघत बसू नका.

सुमेधा_ठाणे: रेल्वे पोलिसांकडे तक्रार दिली, दुसऱ्या दिवशी त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. कॉल येताहेत, ओटीपी एकही नाही. सिम खराब आहे का?

निखिल_पिंपरी: नाही. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात. आयएमईआयचं उद्या संध्याकाळी करा.