मदत हवी आहे: पारसिक टेकडीवर जिबचा शॉट

बेलापूरच्या पारसिक टेकडीवर संध्याकाळी शॉट घ्यायचाय. नायिका कठड्याला टेकून उभी, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, सहा फुटांवर. मागे फक्त कठडा. जिब वर जाताच त्यावरून खाली पसरलेलं शहर आणि खाडी दिसावी, कुठेही कट न घेता.

जिबचा पुढचा दांडा बारा फुटी. आडवा असताना सुरुवात करून ४५ अंशांवर नेला, तर कॅमेरा साडेआठ फूट चढतो, पण कमानीत फिरल्याने साडेतीन फूट मागेही सरकतो. म्हणजे फोकस सहावरून जवळपास तेरा फुटांवर. तालमीत चेहरा मध्येच धूसर झाला. टिल्ट लवकर केला की जमीनच दिसते, उशिरा केला की नायिका फ्रेमखाली निसटते.

टिल्ट नेमका कधी सुरू करता? फोकससाठी दांड्याच्या कोनावर खुणा कराव्यात का?